प्रतिक्रियेला उत्तर: गृहीतक नेमकं कुठे वापरलंय ते बघा

वाचकाची प्रतिक्रिया: "सर, मागच्या लेखात एका विद्यार्थ्याची सिद्धता बरोबर असूनही तुम्ही ती 'उगाच कॉन्ट्राडिक्शनचा अंगरखा घातलेली' म्हणून खोडलीत. मला हे पटलं नाही. 'P असेल तर Q' हे सिद्ध करताना कॉन्ट्राडिक्शनमध्ये P खरं आणि Q खोटं धरलं, विसंगती आली, विषय संपला. कॉन्ट्रापॉझिटिव्हमध्ये Q खोटं धरून P खोटं ठरवलं तरी शेवटी P शी विसंगतीच येते ना? तर्काने दोन्ही एकच. उलट कॉन्ट्राडिक्शनमध्ये P आणि 'Q नाही' अशी दोन हत्यारं हाताशी असतात, कॉन्ट्रापॉझिटिव्हमध्ये एकच. मग कमी हत्यारांची पद्धत का घ्यायची? हा नुसता शैलीचा हट्ट वाटतो."

उत्तर:

सत्यता सारणी मांडून बघितलं तर तुमचं म्हणणं बरोबर आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. बरोबर सिद्धता खोडायला नको होती, समासात शेरा लिहून सोडायला हवी होती, हेही मान्य. पण हत्यारांचा मुद्दा मात्र सहज सोडण्यासारखा नाही, कारण त्या दुसऱ्या हत्याराची किंमत मोजावी लागते आणि ती सत्यता सारणीत दिसत नाही.

आधी ती वादातली सिद्धताच पुन्हा समोर ठेवतो, म्हणजे नवीन वाचकांनाही कळेल. विधान असं होतं: n ही नैसर्गिक संख्या असून 2ⁿ − 1 मूळ असेल, तर n सुद्धा मूळ असते. विद्यार्थ्याने लिहिलं होतं:

"समजा 2ⁿ − 1 मूळ आहे, पण n मूळ नाही. म्हणून n = ab, जिथे a आणि b दोन्ही 1 पेक्षा मोठे. आता 2ⁿ − 1 = (2ᵃ − 1)(2ᵃ⁽ᵇ⁻¹⁾ + … + 2ᵃ + 1). दोन्ही अवयव 1 पेक्षा मोठे आहेत, म्हणून 2ⁿ − 1 संयुक्त आहे. पण ती मूळ आहे असं आपण धरलं होतं. ही विसंगती."

आता पेन्सिल घेऊन एवढंच शोधा की "2ⁿ − 1 मूळ आहे" हे गृहीतक कुठे कुठे वापरलंय. पहिल्या ओळीत ते मांडलंय आणि शेवटच्या ओळीत त्याच्यावर येऊन आपटलंय. मधल्या सगळ्या प्रवासात त्याला कुणी हातही लावलेला नाही. म्हणजे तुमचं दुसरं हत्यार म्यानातच राहिलं. असं झालं की पहिल्या ओळीतलं ते गृहीतक आणि शेवटची ओळ काढून टाकायची, उरतं ते शुद्ध कॉन्ट्रापॉझिटिव्ह: n संयुक्त असेल तर 2ⁿ − 1 संयुक्त असते.

"मग काय बिघडलं, दोन ओळी जास्त," असं तुम्ही म्हणाल. बिघडतं ते असं. उरलेल्या सिद्धतेतली प्रत्येक ओळ खऱ्याखुऱ्या संख्यांबद्दल आहे, त्यामुळे ती आकडे घालून तपासता येते. n = 15 घ्या, a = 3, b = 5. पहिला अवयव 2³ − 1 = 7. दुसरा 4096 + 512 + 64 + 8 + 1 = 4681. गुणाकार 32767, आणि तोच 2¹⁵ − 1. प्रत्येक ओळ टिकली. विद्यार्थ्याच्या मांडणीत मात्र n ला कोणतीच किंमत देता येत नाही, कारण 2ⁿ − 1 मूळ आणि n संयुक्त अशी संख्या अस्तित्वातच नाही. तेच तर सिद्ध करायचंय. जी वस्तू नाहीच, तिच्यावर पायऱ्या पडताळायच्या तरी कशा?

या तपासणीचा फायदा इथेच दिसतो. "n मूळ नसेल" असं लिहून एकेक किंमत घालायला लागा: 1, 4, 6, 8, 9. पहिल्याच किमतीला अडखळायला होतं. 1 ही मूळ नाही, पण संयुक्तही नाही, त्यामुळे n = ab असे अवयव पाडता येत नाहीत. सिद्धतेत बारीकशी फट होती. ती बुजवायला एक वाक्य पुरतं: n = 1 असेल तर 2¹ − 1 = 1, जी मूळ नाही. ही फट दोन्ही पद्धतींत पडू शकते, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण सापडते ती किंमत घालता येते तिथेच. खरं सांगायचं तर मागचा लेख लिहिताना ती माझ्याही नजरेतून सुटली होती. शेरा मारला अंगरख्यावर आणि भोक दिसलंच नाही.

दुसरी गोष्ट, मागे काय उरतं. मधल्या पायरीने आपल्याला एक स्वतंत्र तथ्य दिलंय: a ने n ला नि:शेष भाग जात असेल तर 2ᵃ − 1 ने 2ⁿ − 1 ला भाग जातो. हे उद्या दुसरीकडे उपयोगी पडेल. कॉन्ट्राडिक्शनच्या मांडणीत ते एका अशक्य गृहीतकाच्या छत्राखाली लिहिलं गेलं, म्हणून वाचणाऱ्याला ते बाहेर नेता येईल की नाही हे आधी तपासून बघावं लागतं. (जाता जाता: सुरुवातीच्या विधानाचा व्यत्यास खरा नाही. 11 मूळ आहे, पण 2¹¹ − 1 = 2047 = 23 × 89.)

छत्राखालचं वाक्य बाहेर नेल्याने काय होतं याचा एक जुना नमुना सगळ्यांच्या वहीत असतो. मूळ संख्या अनंत आहेत हे सिद्ध करताना मुलं लिहितात: समजा मूळ संख्या मोजक्याच आहेत, त्या सगळ्यांच्या गुणाकारात 1 मिळवला, या संख्येला त्यांपैकी कशानेच भाग जात नाही, म्हणून ती मूळ आहे, विसंगती. त्या गृहीतकाच्या आत हे वाक्य चालतं, कारण तिथे काहीही चालतं. पण नंतर तीच मुलं सांगू लागतात की पहिल्या काही मूळ संख्यांच्या गुणाकारात 1 मिळवला की नेहमी मूळ संख्याच येते. 2 × 3 × 5 × 7 × 11 × 13 + 1 = 30031, आणि ती 59 × 509 आहे. युक्लिडची स्वतःची मांडणी या खड्ड्यात पडत नाही. तो एवढंच म्हणतो की दिलेल्या कितीही मूळ संख्या घ्या, त्यांत नसलेली एक तरी आणखी सापडते.

आणि एक भीती राहते ती राहतेच. कॉन्ट्राडिक्शनमध्ये तुम्ही कुठे पोचणार हे आधी ठरलेलं नसतं, कुठलीही विसंगती चालते. त्यामुळे मध्येच एखादं चिन्ह चुकलं तरी विसंगती येते, आणि ती यशासारखीच दिसते. कॉन्ट्रापॉझिटिव्हमध्ये "P नाही" या ठरलेल्या ठिकाणीच पोचायचं असतं. चुकलात तर बहुतेक वेळा भलतीकडे जाता आणि ते लक्षात येतं.

आता तुमची बाजू, कारण दोन हत्यारं खरंच लागतात अशीही प्रमेयं आहेत. हे बघा: a, b, c हे तिन्ही विषम पूर्णांक असतील तर ax² + bx + c = 0 ला परिमेय उकल नसते. इथे मी बिनदिक्कत कॉन्ट्राडिक्शन वापरेन. समजा p/q ही अतिसंक्षिप्त रूपातली उकल आहे. q² ने गुणलं की ap² + bpq + cq² = 0. p आणि q दोन्ही विषम असतील तर तिन्ही पदं विषम, बेरीज विषम. एक सम आणि एक विषम असेल तर तीनपैकी एकच पद विषम, बेरीज पुन्हा विषम. दोन्ही सम असू शकत नाहीत, कारण रूप अतिसंक्षिप्त आहे. पण बेरीज तर 0, म्हणजे सम. संपलं. इथे पेन्सिल फिरवली तर "तिन्ही विषम" हे गृहीतक मधल्या दोन्ही स्थितींत वापरलेलं दिसेल. ते काढून टाकलं तर सिद्धता कोसळते.

याचंही कॉन्ट्रापॉझिटिव्ह मांडता येतं: परिमेय उकल असेल तर a, b, c पैकी निदान एक सम असतो. पण "निदान एक" म्हणजे नेमका कोणता, हे आधी माहीत नसतं, आणि प्रत्येक स्थितीत उत्तर वेगळं येतं: p सम असेल तर c सम, q सम असेल तर a सम, दोन्ही विषम असतील तर a + b + c सम. कोणता सहगुणक सम असतो हे हवं असेल तर ही लांबची वाट घ्या, माहिती जास्त मिळते. नुसतं प्रमेय हवं असेल तर तुमची दोन हत्यारं बरी. "P नाही" हे वाक्य असं सैल, "किंवा, किंवा" करत पसरणारं असलं की त्याच्याकडे नेम धरणं अवघड जातं, हा माझा अनुभव.

√2 अपरिमेय आहे, यासारख्या विधानांत तर प्रश्नच येत नाही. तिथे "जर" नाही, मग उलटवायचं काय? विधानच मुळी नकारार्थी आहे: p² = 2q² होईल असे p, q नाहीत. ते आहेत असं धरायचं आणि विसंगतीची वाट बघायची. अतिसंक्षिप्त p आणि q दोन्ही सम निघतात, ही टक्कर नेमकी तिथे होईल हे सुरुवातीला कुणाला सांगता येत नाही. डच गणितज्ञ ब्राउवरची इंट्यूशनिस्ट परंपरा प्रत्येक गोष्ट प्रत्यक्ष रचून दाखवायला सांगते, पण तिलासुद्धा असा नकार सिद्ध करायला हरकत नसते. त्यांची हरकत असते ती "Q नाही" हे पाडलं म्हणून Q खरं मानायला. आणि तुम्हाला आवडेल अशी गोष्ट: "Q नाही तर P नाही" यावरून "P तर Q" काढायलाही ते सरसकट परवानगी देत नाहीत. म्हणजे या दोन पद्धती सख्खी भावंडं आहेत हे तिकडेही मान्य आहे.

मधली एक वाट तुमच्या प्रतिक्रियेत आली नाही, ती सांगून थांबतो. r परिमेय आणि x अपरिमेय असेल तर r + x अपरिमेय. अशी दोन गृहीतकं असली की बरेच जण थेट कॉन्ट्राडिक्शनकडे वळतात, कारण सगळं उलटवलं तर "r अपरिमेय किंवा x परिमेय" असं गिचमिड येतं. पण सगळं उलटवायला सांगितलंय कुणी? r परिमेय आहे हे जागेवरच ठेवा आणि फक्त x चं गृहीतक फिरवा: r परिमेय असून r + x परिमेय असेल, तर x = (r + x) − r, म्हणून x परिमेय. एका ओळीत झालं. दोन्ही हत्यारं हातात राहिली आणि एकही ओळ अशक्य संख्येबद्दल नाही.

त्या विद्यार्थ्याच्या वहीवर आज शेरा लिहायचा झाला तर पहिल्या ओळीतलं "2ⁿ − 1 मूळ आहे, पण" आणि शेवटची दोन वाक्यं कंसात टाकेन, आणि समासात लिहीन: "n = 1 चं काय?"