दीडशे रुपये खरंच येतात, पुढचं वाचा

‘घरबसल्या काम! व्हिडिओ लाइक करा, हॉटेलांना रेटिंग द्या, एका लाइकचे ५० रुपये. एक रुपयाही भरायचा नाही. फ्रॉड नाही, मला स्वतःला पैसे आलेत!!’

हे वहिनींनी घरच्या ग्रुपवर टाकलंय, सोबत १५० रुपये जमा झाल्याचा स्क्रीनशॉट. म्हणून एकदाच नीट लिहितो.

लाइकचे पैसे. यूट्यूब लाइक करणाऱ्याला काहीही देत नाही. जाहिरातींतला वाटा मिळतो तो चॅनलवाल्याला. म्हणजे तुमच्या लाइकची किंमत कोणालाच नाही. किंमत आहे ती पैसे पाठवायला तयार होणाऱ्या माणसाची.

‘पैसे आलेत.’ हो, आलेत, हे मान्य. खरी मेख इथेच आहे. आकडे टोळीगणिक बदलतात, साचा तोच. तीन लाइकचे १५० मिळतात आणि टेलिग्रामवर यायला सांगतात. तिथे ‘प्रीपेड टास्क’ येतं: १,००० भरा, १,३०० परत. ते मिळतात. मग ५,००० चे ६,५००. तेही मिळतात. इथवर टोळीचा खर्च १,९५० रुपये, आणि त्यात तुमची खात्री पटली की पैसे काढता येतात. पुढचं टास्क तिघांच्या गटात असतं आणि त्यात प्रत्येकाने तीन हप्ते भरायचे असतात: १२,०००, मग ३०,०००, मग ७०,०००. तिन्ही भरल्याशिवाय एकही परत नाही. तुमचे एकूण गेले १,१२,०००. ॲपवर दीड लाख दिसतात, पण तो त्यांनीच टाइप केलेला आकडा. काढायला गेलात की ‘तुमचा क्रम चुकला’, ‘क्रेडिट स्कोअर कमी आहे’, ‘आधी टॅक्स भरा’. पैसे ठरावीक दिवसांनी थांबत नाहीत; परत देण्यापेक्षा ठेवून घेणं फायद्याचं झालं की थांबतात. गृह मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये अशा शंभराहून जास्त वेबसाइट बंद केल्या, तेव्हाच्या पत्रकात हाच क्रम आहे: लाइक, थोडं कमिशन, मोठी रक्कम, मग ती गोठवणं.

‘ग्रुपमध्ये सगळ्यांना मिळतायत.’ ते ‘सगळे’ बहुतेक टोळीचेच. तुम्ही कचरलात की ‘मी तर भरले’ म्हणणारे तेच.

‘रुपयाही भरायचा नाही.’ पहिल्या दिवशी नाही, एवढंच खरं.

आणि ते १५० आले कुठून? यूपीआयवर पाठवणाऱ्याचं नाव बघा: कंपनी नाही, कोणीतरी अनोळखी माणूस, दर वेळी वेगळा. ही भाड्याने घेतलेली खाती. त्यात दुसऱ्या फसलेल्याचे पैसे असू शकतात, आणि त्याने तक्रार केली तर माग काढत तुमच्याही खात्यातली रक्कम अडकू शकते.

कोणी भरले असतील तर ‘टॅक्स’ भरू नका. लगेच १९३० ला फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा यूटीआर नंबर, रक्कम, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत शेवटी काढून घेतले जातात, त्याआधी कळवलं तरच ते रोखता येतात. टेलिग्रामचं चॅट पुसू नका, आधी स्क्रीनशॉट घ्या. समोरचा ते दोन्हीकडून उडवू शकतो.