पाठ बदलली तरी सिमचा ट्रे जागा सोडत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया : "सर, पाठीचा फोटो बघून मॉडेल ओळखा म्हणून तुम्ही लिहिलात, पण पाठ बदलून मिळते की ओ. माझ्या मेहुण्याने बेळगावात आयफोन १३ प्रो म्हणून फोन घेतला, घरी निपाणीला आणून बघितला तर एक्सआर निघाला. पाठीवर तीन कॅमेरे, सगळं १३ प्रोसारखंच. असल्या लेखांमुळे माणसं फोटोवर विश्वास ठेवतात आणि फसतात. आयएमईआय मागायचा, विषय संपला. फोटो पाठवलेत, बघा आणि सांगा तुमची पद्धत कुठे चालली."

नमस्कार. तुमचा राग रास्त आहे. माझ्या लेखात एक मोठी उणीव राहिली, ती आधी कबूल करतो. कॅमेऱ्यांच्या मांडणीवर मी तीन परिच्छेद लिहिले आणि बाजूच्या कडांवर जेमतेम दोन ओळी. वापरलेल्या आयफोनच्या बाजारात नेमकं उलटं वजन द्यायला हवं होतं. तुम्ही पाठवलेले तीनही फोटो मी संगणकावर मोठे करून पाहिले. तुमच्या मेहुण्यांचा फोन फोटोतच पकडता आला असता. तो कसा, हे सविस्तर लिहितो, कारण हा प्रकार फक्त तुमच्याच घरी घडलेला नाही.

आधी हे फोन तयार कसे होतात ते पाहू. एक्सआर हा २०१८ चा फोन, मागे एकच कॅमेरा. बाजारात त्याच्यासाठी अख्खी बॉडी मिळते, म्हणजे मागची काच आणि चारी बाजूंची चौकट एकत्र. ती दिसायला १३ प्रोसारखी असते. जुन्या एक्सआरचा बोर्ड, बॅटरी आणि डिस्प्ले काढून त्या बॉडीत बसवतात. त्यामुळे फक्त पाठ बदलली असं समजू नका, चौकटही नवीच असते. कडा सपाट, रंग १३ प्रोचा, मागे तीन भिंगं. त्यातलं एकच खरं, बाकीची शोभेची.

पण बोर्ड एक्सआरचाच राहतो, आणि बॉडी बनवणाऱ्याला त्या बोर्डाचं ऐकावं लागतं. सिमचा स्लॉट बोर्डाला जोडलेला असतो. तो जिथे आहे, तिथेच चौकटीला भोक पाडावं लागतं. आयफोन ११ पर्यंत सिमचा ट्रे पॉवर बटणाच्या बाजूला होता. १२ पासून ॲपलने तो आवाजाच्या बटणांच्या बाजूला नेला. १३ प्रोचा ट्रे म्हणूनच आवाजाच्या बटणांखाली असायला हवा.

आता तुमचा दुसरा फोटो पाहा, ज्यात फोन टेबलावर आडवा ठेवलाय. लांब, एकटं पॉवर बटण दिसतंय आणि त्याच कडेवर, बरंच खाली, ट्रेची बारीक लांबट रेघ आणि शेजारी पिन घालायचं भोक. तिथेच निकाल लागला. १३ प्रोच्या त्या कडेवर ट्रे असूच शकत नाही.

इथे "डावी बाजू, उजवी बाजू" असं मी मुद्दाम म्हणत नाही. पाठीकडून काढलेल्या फोटोत बाजू उलटतात, आणि नेमकं त्यातच माणूस गोंधळतो. ट्रे कोणत्या बटणाच्या सोबत आहे एवढंच पाहायचं. पॉवर बटणासोबत असेल तर ११ किंवा त्याआधीचा, नाहीतर एसई. आवाजाच्या बटणांसोबत असेल तर १२ किंवा त्यानंतरचा. अमेरिकेत विकलेल्या १४ आणि नंतरच्या फोनांना ट्रेच नसतो. पण तुमच्याकडे प्रश्न १३ प्रोचा होता, आणि १३ प्रो कुठल्याही देशातला असला तरी त्याला ट्रे असतो.

दुसरी गोष्ट रुंदीची. डिस्प्ले एक्सआरचा, म्हणून बॉडीही एक्सआरच्याच मापाची करावी लागते. एक्सआर ७५.७ मिमी रुंद आणि १५०.९ मिमी उंच आहे. १३ प्रो ७१.५ रुंद आणि १४६.७ उंच. रुंदीत चार मिलिमीटरचा फरक पडतो. हातात दोन्ही फोन शेजारी धरले तर लगेच कळतो, पण एकट्या फोनच्या फोटोत कळत नाही. उंची आणि रुंदीचं गुणोत्तर काढून पाहिलं तरी फरक जेमतेम तीन टक्क्यांचा येतो, आणि फोटो काढताना मोबाईल थोडा तिरका झाला की तेवढा फरक सहज बुजतो. गुणोत्तराचा हिशेब मी स्वतः करून पाहिलाय, त्याच्यावर मी भरवसा ठेवत नाही.

त्यापेक्षा सोपं असं, की विकणाऱ्याला फोनच्या पाठीवर, कॅमेऱ्यांच्या खाली, एखादं जुनं एटीएम कार्ड आडवं ठेवून फोटो काढायला सांगा. नंबर कागदाने झाकला तरी चालेल. कार्डाची एक बाजू फोनच्या कडेला अगदी जुळवायची. कार्ड ८५.६ मिमी लांब असतं, सगळ्या बँकांचं तेच माप. दुसऱ्या बाजूने कार्ड किती बाहेर येतं ते पाहायचं. १३ प्रोवर ते साधारण १४ मिमी बाहेर येईल, एक्सआरवर १०. म्हणजे एकीकडे जवळजवळ दीड सेंटिमीटर आणि दुसरीकडे एकच. कार्ड टेबलावर फोनच्या शेजारी ठेवून फोटो घेऊ नका. फोनची पाठ टेबलापेक्षा वर, म्हणजे कॅमेऱ्याच्या जवळ येते आणि फोन आहे त्याहून मोठा दिसतो. कार्ड पाठीवरच हवं.

तिसरी खूण समोरच्या बाजूची, पण फोटो मागताच आहोत तर तीही मागून घ्या. स्क्रीनच्या वरच्या काळ्या पट्टीत कानाशी धरायचा स्पीकर असतो. एक्सआरमध्ये त्याची जाळी त्या पट्टीच्या मधोमध असते. १३ मालिकेत ती अगदी वर, काचेच्या कडेला सरकवली आहे आणि पट्टीही आधीपेक्षा अरुंद केली आहे. तुमच्या तिसऱ्या फोटोत जाळी मधोमध दिसते. शिवाय स्क्रीनभोवतीची काळी किनार जाड आहे. बॉडी बदलली तरी डिस्प्ले बदललेला नाही, हे ती किनारच सांगते.

मागच्या तीन भिंगांबद्दल मी सर्वात शेवटी लिहितोय, कारण तुमचे मेहुणे तिथेच फसले. उजेडात तिरकं धरून काढलेल्या फोटोत खऱ्या भिंगाच्या आत खोली दिसते, रंगीत चमक दिसते. शोभेचं भिंग सपाट काळं दिसतं. पण व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत हा फरक कळेलच असं नाही, म्हणून मी त्यावर निर्णय देणार नाही. व्हिडिओ कॉलवर कॅमेरा ॲप उघडायला सांगणं जास्त बरं. १३ प्रोमध्ये झूमसाठी .5, 1 आणि 3 असे आकडे येतात. एक्सआरला एकच कॅमेरा असल्यामुळे तिथे .5 येतच नाही.

आता आयएमईआय. तुमचं म्हणणं मला मान्य आहे, शेवटचा शब्द त्याचाच. फोन हातात आल्यावर `*#06#` डायल करायचं, स्क्रीनवर आलेला १५ आकडी क्रमांक घ्यायचा आणि आपल्या फोनवरून 14422 वर असा मेसेज करायचा :

```
KYM <१५ आकडी IMEI>
```

हे तुम्हाला कदाचित माहीत असेल. पण "विषय संपला" यावर मात्र माझा आक्षेप आहे. आपल्याकडे हा व्यवहार होतो कसा? खानापूरचा किंवा संकेश्वरचा मुलगा मोबाईलवर जाहिरात बघतो, विकणारा बेळगावात. फोटोच आधी येतात. आयएमईआय मागितला तर "या, इथे येऊन बघा" असं उत्तर मिळतं, किंवा खोक्यावरच्या स्टिकरचा फोटो येतो. खोका दुसऱ्या फोनचा असू शकतो. खऱ्या १३ प्रोचा खोका आणि आत एक्सआर अशी जोडी मी माझ्या टेबलावर पाहिलेली आहे. त्या खोक्यावरचा क्रमांक 14422 वर पाठवला तर उत्तर बरोबर १३ प्रोच येणार! बसभाडं खर्चून, रजा टाकून जायचं की नाही हे ठरवायला त्या क्षणी हातात फोटोशिवाय दुसरं काही नसतं. म्हणून फोटो नीट वाचता यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

दुकानात पोचल्यावर अजून एक गोष्ट. Settings, General, About उघडल्यावर सर्वात वरची Name ही ओळ कुणालाही हवी तशी टाइप करता येते. तुमच्या मेहुण्यांना तीच ओळ दाखवली असणार, असा माझा अंदाज आहे. पाहायची ती खालची Model Name. त्याखालच्या Model Number वर बोटाने टिचकी मारली की A ने सुरू होणारा क्रमांक येतो. भारतात विकलेल्या एक्सआरचा A2105 आणि १३ प्रोचा A2638. दुसऱ्या देशातून आलेल्या फोनचा क्रमांक वेगळा असतो, म्हणून क्रमांक जुळला नाही तर लगेच खोटं ठरवू नका, आधी Model Name वाचा.

माझी पद्धत कुठे खरोखर तोकडी पडते तेही सांगतो. साधा १३ आणि साधा १४ पाठीवरून मी ओळखत नाही. दोन्हींचे कॅमेरे तिरपे, पोर्ट तोच, ट्रे त्याच जागी. जांभळा किंवा पिवळा असेल तर १४ म्हणता येईल, कारण १३ त्या रंगांत आलाच नाही, पण बॉडी बदलणाऱ्यांच्या बाजारात रंगावर किती विसंबायचं? याउलट एक्स आणि एक्सएस पाठीवरून जवळपास सारखे दिसतात, पण खालची कड वेगळी. एक्समध्ये चार्जिंग पोर्टच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा भोकं. एक्सएसमध्ये एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला तीनच, आणि त्या बाजूला चौकटीवर अँटेनाची एक आडवी रेघ. मागच्या वर्षी खानापूरच्या एका मावशींनी मुलासाठी एक्सएस ठरवला होता. मी फक्त खालच्या कडेचा फोटो मागवला आणि भोकं मोजली. सहा आणि सहा. त्यांनी पैसे दिले नाहीत.

मूळ लेखात आज मी बदल केलाय. आता पहिला परिच्छेद ट्रेचा आहे, भिंगं शेवटी गेली आहेत आणि "पाठीच्या फोटोवरून" हे शब्द काढून "पाठ आणि चारही कडांच्या फोटोंवरून" असं लिहिलंय. तुमच्या प्रतिक्रियेमुळे हे झालं, त्याबद्दल आभार.

राहिला तुमच्या मेहुण्यांचा प्रश्न. फोन परत द्यायला जाण्याआधी About च्या पानाचा फोटो दुसऱ्या मोबाईलने काढून ठेवा, म्हणजे फोनची कडही त्यात दिसेल. विकणाऱ्याने "१३ प्रो" असं लिहिलेले व्हॉट्सॲप मेसेज आणि पैसे दिल्याची यूपीआयची नोंद त्यासोबत ठेवा. फोन उघडू देऊ नका, कुठल्या दुकानात "चेक" करायलाही नको. तो एकदा उघडला की "तुम्हीच बॉडी बदलून आणलीत" असं म्हणायला समोरच्याला जागा मिळते.