क्लास गिफ्ट द्यायचा असेल तर पावतीआधी घड्याळ लावून बसा (एका प्रतिक्रियेला लांबलचक उत्तर)

प्रतिक्रिया: "लेख वाचायला छान आहे, पण क्लास गिफ्ट देणारे फी भरून मोकळे होतात आणि ने-आण आईने करायची. माझ्या नणंदेने मुलीला स्केटिंगचा क्लास दिला, महिन्याभरात बंद पडला, वर 'आम्ही दिलं पण तिने केलंच नाही' हेही मीच ऐकलं. आठ वर्षांच्या मुलीला वाढदिवसाला कागद फाडून काहीतरी निघायला हवं असतं, पावती नाही. सॉरी, पण खेळणं बरं."

ताई, सॉरी कशाला, तुमच्या नणंदेने जे केलं तेच मी यंदा मार्चमध्ये केलंय आणि 'वाढदिवसाला वस्तूपेक्षा क्लास द्या' या माझ्या मूळ लेखात ते लिहायचं सोयीस्करपणे विसरलो होतो, त्यामुळे आता सगळं सांगतो.

भाचा आठ वर्षांचा झाला. घरात रिमोटच्या गाड्या सहा, त्यातल्या चालू दोन. म्हटलं या वेळी वस्तू नको, पोहण्याचा क्लास देऊ, आणि एका पूलवर एकवीस दिवसांच्या समर बॅचची फी भरून पावती पाकिटात घालून दिली, वर 'मामाकडून' असं लिहिलं. पूलचं नाव लिहीत नाही, बडोद्यातल्या लोकांनी कमेंटमध्ये अंदाजही करू नये ही विनंती. बॅच संध्याकाळी पाचची, ताई बँकेतून घरी येते साडेसहाला. म्हणजे माझी ताई, तुम्ही नाही. पहिला आठवडा तिने हाफ डे टाकून कसंबसं केलं, नवव्या दिवशी मला फोन करून म्हणाली, गिफ्ट तू दिलंस ना, मग तूच घेऊन जा. बरोबरच होतं तिचं.

मग मी अॅक्टिव्हावर न्यायला लागलो, आणि पहिल्यांदाच पायऱ्यांवर बसून बघितलं की मी नक्की काय विकत घेतलंय. बॅचमध्ये अठ्ठावीस मुलं, एक कोच, तोही काठावर उभा, शिट्टी आणि हातात बांबू, पाण्यात फक्त एक हेल्पर मुलगा. सगळी पोरं उथळ बाजूला दांडा धरून रांगेत, हेल्पर एकेकाला पोटाखाली हात देऊन दहाएक मीटर नेणार आणि सोडणार, मग परत रांगेच्या शेवटी. मला सवय वाईट आहे मोजायची, फोनवर स्टॉपवॉच लावलं. पंचेचाळीस मिनिटांत भाच्याचा नंबर दोनच वेळा आला, दर वेळी साधारण चाळीस सेकंद. म्हणजे ऐंशी सेकंद. एकवीस दिवस एकही न चुकवता गेला असता तरी सगळे मिळून अठ्ठावीस मिनिटं. बाकी वेळ पोरगं ओल्या अंगाने वाऱ्यात उभं, ओठ निळे, कारण लहान अंगात चरबी कमी आणि वजनाच्या मानाने कातडी जास्त उघडी, ते मोठ्यांपेक्षा पटकन गारठतं. आणि आपण घरी म्हणतो याला इंटरेस्टच नाही! ताई, तुमच्या मुलीचंही स्केटिंग मी पाहिलेलं नाही, पण 'तिने केलंच नाही' म्हणायच्या आधी त्या तासात ती चाकांवर किती मिनिटं होती आणि बाकावर किती, हे कोणी बघितलं होतं का?

(आमचे आजोबा दांडिया बाजारात जुम्मादादांच्या व्यायाममंदिरात मल्लखांबाला जायचे, त्यांना कोणी गिफ्ट दिलं नव्हतं, पणजोबांनी कानाला धरून नेलं होतं. मल्लखांबातही रांग असते, पण रांगेतली मुलं कोरडी असतात हा फरक आहे.)

तर ती बॅच मी मध्येच सोडवली. पैसे बुडाले, पावतीवर मागे बारीक अक्षरात लिहिलेलंच होतं. मे महिन्यात दुसरीकडे घातला, पण या वेळी आधी मी एकटा जाऊन अख्खी बॅच बसून बघितली. नऊ मुलं, कोच स्वतः पाण्यात. फी जवळजवळ दुप्पट, महिन्यात बाराच क्लास, कागदावर बघितलं तर महाग. पण घड्याळ लावलं तर चाळीस मिनिटांत एकेक मूल वीस मिनिटं तरी हलत होतं, म्हणजे बारा क्लासचे चार तास. कुठे अठ्ठावीस मिनिटं आणि कुठे चार तास. आणखी एक बघितलं, खोल बाजूच्या काठावर उभं राहिलं की तळाची जाळी स्वच्छ दिसते का. नसेल दिसत तर तळाशी गेलेलं मूलही लाइफगार्डला दिसणार नाही, तिथून सरळ घरी यायचं. आणि नाकात जाणारा क्लोरीनचा उग्र वास म्हणजे पाणी स्वच्छ असा माझाही समज होता, उलट आहे, क्लोरीन घाम आणि लघवीशी मिळून जे तयार होतं त्याचा तो वास.

आता महिन्यात काय शिकतो? हे जरा नीट सांगतो, कारण इथेच आईबाप आणि गिफ्ट देणारे दोघंही फसतात, हातपाय मारून पलीकडे गेला की 'आलं पोहता'.

पहिले दोन क्लास कोचने त्याला पायरीवरून पुढे नेलंच नाही. फक्त तोंड पाण्यात घालून 'हम्म्म' करायचं. मला वाटलं हे काय, दुप्पट फी देऊन गुणगुणायला शिकतोय. पण त्यात मेख आहे. गुणगुणताना हवा नाकातून बाहेर जात राहते, त्यामुळे नाकात पाणी शिरत नाही, आणि मुख्य म्हणजे श्वास पाण्यातच सोडायची सवय लागते. जे मूल श्वास कोंडून धरतं त्याला डोकं वर काढल्यावर आधी सोडायचा आणि मग घ्यायचा अशी दोन कामं अर्ध्या सेकंदात करायची असतात, ती होत नाहीत, तिसऱ्या-चौथ्या वेळेला छाती भरलेलीच राहते आणि ते घाबरतं. आम्ही घरी बादली भरून प्रॅक्टिस केली, मी पण तोंड घातलं, ताईची सासू दारात उभी राहून बघत होती, काही बोलली नाही. (बादली झाली की लगेच ओतून टाकायची, घरात लहान भावंडं असतील तर नक्कीच.)

तिसऱ्या ते सहाव्या क्लासला तरंगणं, आधी कोचच्या हातावर, मग भिंतीला पाय लावून ढकलून नुसतं बाणासारखं सरळ जायचं. इथे भाचा अडकला. तो समोर बघायचा, म्हणजे डोकं वर, आणि डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली, कारण हवा छातीत असते, पाय तसेही जड, अंग तराजूसारखं कलतं. मग तो बुडू नये म्हणून अजून जोरात लाथा मारायचा आणि अजून डोकं वर काढायचा. कोच एकच वाक्य गुजरातीत ओरडत होता, "नीचे जो बेटा, सामे नहीं." तळाला काळी पट्टी आहे तिच्याकडे बघ. सहाव्या क्लासला एकदाच बघितलं त्याने खाली, आणि पाठ आपोआप वर आली, आम्हाला काठावरून त्याच्या कमरेवरची चड्डीची लाल पट्टी दिसली. तेवढी पट्टी दिसणं म्हणजे प्रगती. ताई, तुम्हालाही कधी पायऱ्यांवर बसायची वेळ आली तर मूल किती लांब गेलं ते बघू नका, कंबर पाण्याच्या वर आहे का आणि तोंडापाशी बुडबुडे येतायत का ते बघा.

बारा क्लास संपले तेव्हा तो तोंड खाली घालून आठ-दहा मीटर जात होता, उताणा तरंगत होता. कडेला वळून श्वास घेणं जमत नव्हतं, एक कान पाण्यात ठेवून वळायच्याऐवजी अख्खं डोकं उचलायचा. म्हणजे पोहता येत नाही, स्पष्ट सांगतो. अमेरिकन रेड क्रॉसची एक साधी कसोटी आहे: डोक्यापेक्षा खोल पाण्यात उडी, वर येऊन एक मिनिट तरंगणं, गोल वळणं, पंचवीस यार्ड म्हणजे साधारण तेवीस मीटर जाणं, आणि शिडी न धरता बाहेर येणं, हे सगळं सलग. भाचा यातलं निम्मंसुद्धा करत नाही. आणि अर्धवट शिकलेलं मूल न शिकलेल्यापेक्षा जास्त बेधडक पाण्यात शिरतं, म्हणून मही नदीच्या काठी पिकनिकला गेलो तेव्हा त्याला घोट्याच्या वर पाण्यात जाऊ दिला नाही, त्यावर तो पूर्ण दिवस रुसला. (विश्वामित्री नदीचा प्रश्नच येत नाही, तिथे मगरी राहतात.)

कागद फाडण्याबद्दल तुमचं शंभर टक्के पटलं. मार्चमध्ये पाकीट उघडल्यावर त्याचं तोंड असं झालं होतं की मला अजून आठवतं, पावती उलटी करून मागे काही आहे का बघत होता. मे महिन्यात म्हणून मी खोका दिला. आत निळा गॉगल, टोपी, मंगळबाजारातून आणलेली पोहायची चड्डी आणि एक पुठ्ठा, त्यावर बारा चौकोन, दर क्लासला एक शिक्का. गॉगल ऑनलाइन घेऊ नका, मुलाला दुकानात न्यावंच लागतं, पट्टा न लावता नुसता डोळ्यांवर दाबायचा, दोन-तीन सेकंद स्वतःहून चिकटून राहिला तर बसतो, लगेच गळून पडला तर पाणी शिरणार. सरप्राइज थोडं फुटतं, पण त्याला तरी काय, टोपी बघूनच तो वेडा झाला आणि रात्री घालून झोपला.

आणि खेळणं बरं कधी, तर मुलाने एकदा पूल बाहेरून बघून ठामपणे नाही म्हटलं तर, कानाच्या पडद्याचा काही त्रास असेल आणि डॉक्टर नको म्हणाले तर, किंवा न्यायला घरात खरंच कोणी रिकामं नसेल तर. वर्षाची मेंबरशिप मात्र कुणालाच देऊ नका, एक महिना पुरे.

दुसऱ्या वेळी ताईला मी फीबद्दल विचारलंच नाही, वार विचारले. सोमवार-बुधवार-शुक्रवार माझे, टॉवेल, सुकं शर्ट, नंतरची सेव उसळ सकट. बारापैकी अकरा मी नेले, एक ताईने, कारण माझी अॅक्टिव्हा सर्व्हिसला होती. तुमच्या नणंदेला हे उत्तर फॉरवर्ड नका करू, भांडण लावल्याचं माझ्यावर येईल, पण पुढच्या वाढदिवसाला तिने पुन्हा क्लास म्हटलं तर एवढंच विचारा, वार कुठले तुझे?