लेंगा फरशीला गेला त्याची गोष्ट

माझा लेंगा फरशीला गेला तो अक्षय्य तृतीयेच्या आसपास. पांढऱ्यावर निळे पट्टे, बारा वर्षांचा संसार, गुडघ्याशी इतका विरलेला की त्यातून पेपर वाचता आला असता. नाडी मात्र नवीन होती. ती मीच मागच्या दिवाळीत सेफ्टी पिन लावून ओवली होती, आणि अर्ध्या वाटेत पिन उघडल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून ओवली होती. अशा गोष्टींतून जिव्हाळा वाढतो.

झालं असं की न्यू जर्सीहून लेक तीन वर्षांच्या नातवाला घेऊन सुट्टीला आली. पहिल्याच रात्री मला बघून म्हणाली, "बाबा, तू अजून हेच घालतोस?" आणि बॅगेतून एक राखाडी नाइट सूट काढला. अंगासरशी टी-शर्ट आणि घोट्याशी रिब असलेली पँट. लेबल मी सवयीने वाचलं. पॉलिएस्टर 92 टक्के, स्पँडेक्स 8 टक्के.

आता सांगायला लाज वाटते, पण माझी चौतीस वर्षं कापड तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेली. कापड घाम किती पितं हे मोजणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. सुती कापड आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा नुसता हवेतून उचलून धरतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. झोपेतून उठायची वेळ लवकरच येणार होती.

"एवढं घट्ट?" मी विचारलं.

"रात्री घट्टच घालावं, बाबा. तिकडे पिल्लूच्या सगळ्या नाइट ड्रेसवर लिहिलेलं असतं."

हे मात्र खरं होतं. नातवाच्या कपड्याला अडकवलेला पिवळा कागद मी चष्मा लावून वाचला. अमेरिकेत लहान मुलांचे रात्रीचे कपडे एकतर सहज पेट न घेणाऱ्या कापडाचे हवेत, नाहीतर अंगाला चिकटून बसणारे हवेत. ही घट्टपणाची सवलत 1996 सालापासूनची. कारण अगदी सरळ आहे. सैल झग्याची कड शेगडीला किंवा मेणबत्तीला लागते, आणि कापड व अंग यांच्यामध्ये खेळणारी हवा ती आग वाढवते. घट्ट कपड्याच्या आत हवाच नाही, तर आग वाढणार कशावर? म्हणजे त्या कागदावरचा घट्टपणा झोपेसाठी नव्हता, आगीसाठी होता. मला डोंबिवलीत मे महिन्यात आगीपासून वाचायचं नव्हतं, मी आधीच आगीत होतो. पण लेकीने प्रेमाने आणलेलं. घातलं.

एसी आतल्या खोलीत, तिथे लेक आणि नातू. आम्ही दोघं हॉलमध्ये पंख्याखाली. प्रयोगशाळेत आम्ही कापड तपासण्याआधी ते 27 अंश तापमान आणि 65 टक्के आर्द्रतेच्या खोलीत ठेवायचो, त्याची तब्येत स्थिर व्हावी म्हणून. कापडाला मिळणारी ही चैन माणसाला डोंबिवलीत मिळत नाही. भिंतीवरचा काटा त्या रात्री अकरा वाजता 30 अंश आणि 79 टक्के दाखवत होता.

पहिला अर्धा तास बरा गेला. कापड गुळगुळीत, गार लागलं, मी लेकीच्या बाजूला झुकलो. मग मांड्यांवर कुणीतरी ओला हात ठेवल्यासारखं झालं. मग गुडघ्यामागे. मग पाठीला टी-शर्ट असा चिकटला की कूस बदलली तरी तो जागचा हलेना, मीच त्याच्या आत फिरलो. सव्वाबाराला कमरेचं इलॅस्टिक खाजायला लागलं. त्यात डासांचा एक फायदा लक्षात आला, म्हणजे त्यांचा फायदा. लेंगा अंगापासून दोन बोटं लांब असतो, डास त्यावर बसला तरी त्याची सोंड माझ्यापर्यंत पोचत नाही. ताणलेल्या विणीच्या पँटमधून तो आरामात जेवतो.

यात नक्की काय बिघडतं ते सांगतो, कारण पडल्यापडल्या मी दुसरं काहीच करू शकत नव्हतो. झोप लागायची तर शरीराला आतून थोडं थंड व्हावं लागतं. रात्रभरात आतलं तापमान साधारण एक अंशाने उतरतं आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यांत खाली असतं. ही आतली ऊब बाहेर टाकायला शरीर कातडीतल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करतं, मुख्यतः हातापायांच्या, आणि घाम सोडतं. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे 580 कॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे अर्धा कप पाणी पाचसहा अंशांनी गार व्हावं इतकी. अट एकच: घाम वाळला पाहिजे. नुसता ओघळला किंवा चादरीने पुसला तर हिशेबात धरला जात नाही.

आणि वाळायला हवा हवी, तीही हलती. लेंगा हे खरं तर कापड नव्हेच, ती एक खिडकी आहे. पाय हलवला की कापड आतबाहेर होतं, भात्यासारखी दमट हवा घोट्याकडून बाहेर फेकली जाते आणि पंख्याची हवा आत येते. माझ्या नव्या पँटला घोट्याशी रिब आणि कमरेला इलॅस्टिक, म्हणजे दोन्ही दारं बंद. धावायला जायचे कपडे याच जातीचे असतात आणि उत्तम चालतात, कारण तिथे कापड घाम पसरवतं आणि धावणाऱ्याचा वारा तो वाळवतो. मी मात्र गादीवर पाठ टेकून होतो. माझा वेग शून्य होता.

साडेबाराला उठून मी जुनं, बोटाएवढं, तापमान आणि आर्द्रता दाखवणारं यंत्र शोधलं आणि पँटमध्ये मांडीशी सरकवलं. दहा मिनिटांनी 34 अंश, 93 टक्के.

"अहो, काय करताय?" अंधारातून बायकोचा आवाज.

"मोजतोय."

ती एवढंच म्हणाली, "झोपा." ती स्वतः सुती गाऊनमध्ये होती. गाऊनइतकी शास्त्रशुद्ध वस्तू आपल्याकडे दुसरी नाही: खालून उघडा, बाह्या रुंद, खालून हवा शिरते आणि गळ्यातून निघून जाते, धुराड्यासारखी. चाळीच्या जिन्यात हवा वर कशी चढते हे कळत नसेल तर गाऊनकडे बघावं. मी मत्सराने बघत होतो.

टी-शर्टचं आणखी वेगळंच. घट्ट दाबाने माणसाचा घाम जागा बदलतो. जपानी शरीरशास्त्रज्ञांनी 1950 च्या सुमाराला हे मांडलं: कुशीवर झोपलं की दाबलेल्या बाजूला घाम कमी आणि वरच्या बाजूला जास्त येतो. तिकडच्या गेशा छातीशी पट्टा घट्ट बांधतात तो चेहऱ्यावरचा रंग घामाने ओघळू नये म्हणून, असं सांगतात. मला चेहरा सांभाळायचा नव्हता. तो अंधारात कुणाला दिसणार होता?

दोन वाजता पँट काढून टॉवेल गुंडाळला आणि यंत्र टॉवेलमध्ये ठेवलं. 32 अंश, 81 टक्के. फार शास्त्रीय प्रयोग नव्हे हा. प्रयोगाला एकच माणूस, आणि तोही चिडलेला. पण मी झोपलो, पाच मिनिटांत.

न्यायाने बोलायचं तर घट्ट कपड्यांचीही एक बाजू आहे आणि ती मला निफाडला मेहुण्याकडे जानेवारीत कळली होती. तिथल्या थंडीत माझा लेंगा पूर्ण नापास झाला. गोधडीत शिरलो की तो गुडघ्यापर्यंत वर जायचा, आणि कूस बदलली की मघाशी मोठ्या कष्टाने जमवलेली ऊब तोच भाता बाहेर फेकायचा. मेहुण्याने अंगासरशी इनर दिला आणि झोप लागली. थंडीत आतली हवा जागची हलू नये एवढंच बघायचं असतं. तरी त्यातही मर्यादा आहे. मी हौसेने पुढच्या हिवाळ्यासाठी एक साइझ लहान इनर घेतला, तो ताणून इतका पातळ झाला की त्यात हवा राहिलीच नाही, आणि थंडी पुन्हा आत. मोज्यांचंही तसंच. पाय गरम असतील तर झोप लवकर लागते, स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी 1999 साली हे मोजून दाखवलं, कारण पायातूनच तर ऊब बाहेर जायची असते. पण पोटरीवर इलॅस्टिकची खोल रेघ उमटत असेल तर तो मोजा पायात घालायचा नाही, खुंटीला लावायचा.

असो. सकाळी चहा घेताना मी बायकोला विचारलं, "माझा लेंगा कुठे आहे?"

तिने बादलीकडे बोट दाखवलं. सुमनबाई फरशी पुसत होत्या. बारा वर्षांचं सूत, शेकडो धुण्यांनी मऊ झालेलं, पाणी बघितल्याबरोबर पिऊन टाकत होतं. फरशी एका हातात कोरडी. व्यावसायिक दृष्टीने मला अभिमान वाटला आणि कौटुंबिक दृष्टीने पोटात खड्डा पडला. निळा पट्टा अजून ओळखू येत होता. नाडी कुणीतरी काढून घेतली होती. ती नंतर पडद्याला दिसली.

मी विचार करून म्हटलं, "सुमनबाई, हे फडकं मला द्या. तुम्हाला त्याऐवजी नवीन देतो." आणि राखाडी पँट पुढे केली. लेक अंघोळीला गेली होती.

सुमनबाईंनी ती दोन्ही हातांनी ताणून पाहिली, बादलीत बुडवली, पिळली आणि एका फटक्यात अर्धी फरशी पुसली. मग उभं राहून फरशीकडे बघत राहिल्या.

"काका, हे पाणी पीतच नाही. नुसतं इकडचं तिकडं ढकलतंय."

चौतीस वर्षांत अहवालाचा निष्कर्ष इतक्या कमी शब्दांत मला कधी लिहिता आला नव्हता. मात्र वाळल्यावर ती पँट धूळ फार छान धरते असं त्यांना दुसऱ्या दिवशी आढळलं. तेव्हापासून ती पंख्याच्या पात्यांना असते. लेंग्याला बायकोने गुडघ्याशी मलमलीचं ठिगळ लावून दिलं, नाडी मी पडद्याची सोडवून पुन्हा ओवली, आणि पिन पुन्हा अर्ध्या वाटेत उघडली.

लेक परत गेली. परवा तिचा व्हिडिओ कॉल होता.

"आई, बाबा तो नाइट सूट वापरतो ना गं?"

मी लेंगा कॅमेऱ्याच्या बाहेर सरकवला. बायको पंख्याकडे बघून म्हणाली, "पँट तर रोज कामात असते."