मागच्या भावावर पुढची लागवड : वाशीचा कांदा आणि पोल्डरचा कांदा

"अरे दरवर्षी तेच चाललंय. एका वर्षी कांदा ऐंशी रुपये किलो, पुढच्या वर्षी तोच शेतकरी रस्त्यावर ओततो. मागच्या वर्षीचा भाव बघून लावायचंच कशाला? तिकडे हॉलंडमध्ये पण असंच करतात का रे?" (ऐरोलीचा माझा आतेभाऊ, फोनवर.)

करतात. मी राहतो तो फ्लेवोलँड प्रांत म्हणजे समुद्र मागे सारून मिळवलेली जमीन, तिला इथे पोल्डर म्हणतात, आणि इथे कांदा भरपूर होतो. मार्च-एप्रिलला पेरणी, ऑगस्ट-सप्टेंबरला काढणी. आमच्या शेजारचा शेतकरी शेतीचं शिक्षण घेतलेला, ट्रॅक्टरला जीपीएस, एमेलोर्डच्या बाजाराचा भाव दर आठवड्याला न चुकता बघतो. २०१८ चा उन्हाळा इथे कोरडा गेला, कांदा कमी आला, भाव चढला, आणि पुढच्या वसंतात कांदा वाढवायचा मोह किती जणांना झाला हे तोच सांगतो. बटाट्याचं तर अगदी ताजं आहे. काही वर्षं भाव चांगला मिळाला म्हणून नेदरलँड्स-बेल्जियममध्ये लागवड वाढली आणि २०२५ च्या शरदात करार नसलेला बटाटा कवडीमोल झाला. त्यामुळे आपला शेतकरी अडाणी म्हणून हे होतं, हे डोक्यातून काढून टाक.

मूळ भानगड अशी आहे की लावायचं ठरवणं आणि विकणं यात पाच-सहा महिने जातात, आणि ठरवताना हातात जो भाव असतो तो जुन्या पिकाचा असतो. आपल्या उन्हाळ कांद्याचंच घे, महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा वाटा त्याचा. बी टाकतात ऑक्टोबर-नोव्हेंबरला, एकराला तीन-चार किलो, रोप उपटून लावतात डिसेंबर-जानेवारीत, काढणी मार्च-एप्रिलला. आता ऑक्टोबर-नोव्हेंबरला बाजारात काय असतं? साठवणीच्या कांदाचाळीत उरलेला जुना कांदा, अर्धा कोंब फुटलेला, आणि पावसाळ्यात लावलेला लाल कांदा नुकताच यायला लागलेला. म्हणजे वर्षातला सगळ्यात टंचाईचा काळ. त्या महिन्यातला भाव बघून शेतकरी बी टाकतो आणि त्याचा माल येतो तो एप्रिलमध्ये, सगळ्यांचा माल एकदम येतो तेव्हा. नुसता मागच्या वर्षीचा नाही, चुकीच्या महिन्याचा भाव तो बघत असतो, आणि यावर आपल्याकडच्या चर्चांमध्ये कोणी बोलताना मला फारसं दिसत नाही.

आकड्यात सांगतो, आकडे समजण्यापुरते धर. बाजाराला १०० गाड्या लागतात आणि तेव्हा भाव १५ रुपये. एक गाडी कमी आली की भाव एक रुपयाने चढतो, एक जास्त आली की एक रुपयाने पडतो. कांद्याचं तसंच असतं, स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट खात नाही आणि महाग झाला म्हणून फोडणी बंद होत नाही. आता अवकाळी पावसाने एका वर्षी ९० च गाड्या आल्या, भाव २५. शेतकरी भावातल्या दर रुपयामागे पाऊण गाडीहून थोडी जास्त, म्हणजे ०.८ गाडी वाढवतात असं समज. पुढच्या वर्षी १०८ गाड्या, भाव ७. मग लोक हात आखडतात, साधारण ९४ गाड्या, भाव २१. मग १०५, भाव १०. मग ९६, भाव १९. पाऊस एकदाच पडला होता, पण त्याचे हेलकावे कितीतरी वर्षं चालले, दर वेळी थोडे कमी होत. हेच शेतकरी दर रुपयामागे १.२ गाडी वाढवायला लागले तर? २५ नंतर ३, ३ नंतर २९, आणि त्याच्या पुढच्या वर्षी कांदा फुकटसुद्धा कोणी उचलणार नाही. कागदावर हे काढलं की रेघ चौकोनी-चौकोनी फिरत कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, म्हणून १९३४ साली अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर यांनी त्याला तेच नाव दिलं. त्याआधी जर्मनीत आर्थर हानाऊ यांनी डुकरांच्या भावात हेच चक्र दाखवलं होतं.

मग प्रत्यक्षात भाव असा हाताबाहेर का जात नाही? कारण लागवड वाढायला ब्रेक आहेत. इथे पोल्डरमध्ये एकाच वावरात कांदा पाच-सहा वर्षांतून एकदाच घेतात, नाहीतर मातीतली बुरशी पीक खाते, त्यामुळे मनात आलं तरी उद्या दुप्पट करता येत नाही, दुसऱ्याची जमीन भाड्याने घ्यावी लागते. आपल्याकडे ब्रेक आहे पाण्याचा आणि बियाण्याचा. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये आमच्या मामांचा गाळा आहे, सगळी हयात तिथे गेली, नाशिकच्या कुठल्या तालुक्यातली गोणी आहे ते पत्ती बघून सांगतात. कांदा हातात घेऊन मान दाबतात, दबली तर "हा पंधरा दिवस टिकणार नाही" म्हणतात, वरचं साल सोलून आत काजळी म्हणजे काळी बुरशी आहे का बघतात. त्यांचं म्हणणं, भाव चढला की आधी बियाण्याकडे बघ. बी घरचं करायचं तर आदल्या हिवाळ्यात निवडक कांदे जमिनीत लावून डोंगळे, म्हणजे बी धरणारे फुलांचे दांडे, येऊ द्यावे लागतात, म्हणजे बियाण्याचा निर्णय आणखी एक वर्ष आधीचा. "पन्नास रुपये किलोने जात असताना डोंगळ्याला कांदा कोण ठेवतो?" असं त्यांनीच मला विचारलं. म्हणून महाग वर्षानंतर बी महाग आणि भेसळीचंही, आणि ते उगवलं नाही की सगळा हिशोब पुन्हा बदलतो. त्यांच्या अनुभवात चक्र नेमाने एकाआड एक वर्ष कधीच चालत नाही, कधी दोन वर्षं लागोपाठ पडतो, कधी तीन. पाऊस मध्ये येतो ना.

आतेभावाचं म्हणणं, हा सगळा साठेबाजांचा खेळ आहे. अर्धं खरं आहे. बाजारात मोजके खरेदीदार असले की पडत्या भावात शेतकरी आणखी दबतो, हे मामाही कबूल करतात. पण साठवणारा माणूस एप्रिलला घेतो आणि सप्टेंबरला विकतो, म्हणजे एप्रिलचा भाव थोडा उचलतो आणि सप्टेंबरचा थोडा पाडतो. तो हेलकावा बारीक करतो, मोठा नाही, निदान बऱ्याच वेळा. खरा प्रश्न हा की साठवण शेतकऱ्याच्या हातात का नाही. इथला शेतकरी काढणीनंतर कांद्यावर गरम हवा सोडून वाळवतो, मग शेडमध्ये थंड करून पुढच्या मे-जूनपर्यंत ठेवतो, फार कमी खराब होतो. आपल्या चाळीत नुसता वारा, त्यात पाव ते तिसरा हिस्सा वजनात आणि सडण्यात जातो. ज्याला पेरणीचं कर्ज फेडायचंय तो तर थांबतच नाही, ट्रॉली भरतो आणि जातो.

कोपरखैरण्याच्या वहिनी मध्येच म्हणाल्या, "माझं काय? मी डब्याचे रेट वर्षातून एकदा ठरवते, कांदा सत्तर झाला की मला गिऱ्हाईकाकडे रेट वाढवता येत नाही, मग सरकारने एक्स्पोर्ट थांबवला तर चुकलं काय?" त्यांचा प्रश्न शेतकऱ्याबद्दल नव्हताच, पण निर्यातबंदीवर आपण कायम त्यांच्याच बाजूने बोलतो, म्हणून उत्तर द्यायला हवं. वरवर बघता त्यांचं बरोबर वाटतं, भाव २५ ला जाऊच दिला नाही तर पुढच्या वर्षी १०८ गाड्या येणारच नाहीत, चक्र तिथेच मोडेल. पण बंदी येते कधी? ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरला टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत, आणि ८ डिसेंबर २०२३ ला पूर्ण बंदी, जी ४ मे २०२४ ला उठली, तीही शुल्क आणि किमान किंमत ठेवूनच. डिसेंबरमध्ये उन्हाळ कांद्याची रोपं तयार असतात, लागवड सुरू असते, लाल कांदा बाजारात असतो. शेतकऱ्याने चढ्या भावाच्या हिशोबाने पैसे आधीच जमिनीत घातलेले, आणि नंतर विकायची वाट बंद. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं, निर्यात म्हणजे जास्तीच्या गाड्यांना बाहेर जायची वाट. ती बंद झाली की तेवढ्याच एका जास्तीच्या गाडीने भाव एकाऐवजी दोन रुपयांनी पडतो. मगाशी विझत जाणारा हेलकावा या एका बदलाने भडकणारा होतो, शेतकरी तेच, सवय तीच. फेब्रुवारी २०२३ मध्ये बंदी नसतानाही भाव इतका पडला होता की सोलापुरात पाच क्विंटलच्या वर कांदा विकून एका शेतकऱ्याच्या हातात दोन रुपयांचा चेक आला, कारण हमाली, तोलाई, गाडीभाडं आधी वजा होतं. तेव्हा वाट आणखी अरुंद करणं मला तरी पटत नाही, आणि वहिनींना महिन्याला चाळीस किलो कांदा स्वस्त मिळावा म्हणून ही किंमत शेतकऱ्याने द्यावी हेही पटत नाही. इथल्या कांद्यालाही अशी भीती आहे म्हणा, सेनेगलसारखा मोठा गिऱ्हाईक देश स्वतःचा कांदा निघाला की आयात थांबवतो. पण तो साधारण कधी थांबवतो हे इथल्या शेतकऱ्याला पेरणीच्या आधी माहीत असतं.

इथून शिकण्यासारखं मला दिसतं ते म्हणजे पूल, सगळ्यांचा माल एकत्र करून विकण्याची पद्धत. काही शेतकरी आपला सगळा किंवा अर्धा माल पूलमध्ये देतात, व्यापारी हंगामभर विकत राहतो आणि शेवटी सगळ्यांना सरासरी भाव मिळतो. शिखराचा भाव मिळत नाही, तळाचाही नाही. शेजाऱ्याने अर्धा पूलमध्ये, अर्धा मोकळा ठेवलाय. आपल्याकडे शेतकरी कंपन्यांनी हे करावं असं मी मामांना सुचवलं तर ते म्हणाले, "एप्रिलला पैसे कोण देणार ते सांग आधी." इथे बँक देते. तिकडे कोण देईल याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आतेभावाचा शेवटचा मुद्दा असा की भाव पडलेल्या वर्षीच लावायचा, सगळ्यांच्या उलट. १९६१ साली अर्थशास्त्रज्ञ जॉन मूथ यांनी जवळपास हीच शंका काढली होती, की उलटं लावून पैसे मिळतात हे दिसत असताना लोक कायम तीच चूक का करतील. काही जण उलटं लावतातही, मामा अशी दोन-चार घरं ओळखतात, सगळी विहिरीचं पाणी आणि दुसरं उत्पन्न असलेली. बाकीच्यांकडे पडलेल्या वर्षानंतर बियाण्याला पैसाच उरत नाही, आणि चढलेल्या वर्षानंतर असतो. ते भावाकडे बघून लावतात की खिशाकडे, हे मला अजून सांगता येत नाही. माझं मत, नोव्हेंबरमध्ये तालुक्यावार किती बी पडलं हे जाहीर झालं पाहिजे, रोप उपटायच्या आधी. मामा म्हणतात, सगळ्यांनी तोच आकडा वाचला तर सगळेच मागे हटतील आणि कांदा पुन्हा ऐंशी होईल. आमचं यावर अजून जमलेलं नाही.