सात मिलिमीटर अंतर नव्हे, सात मिलिमीटर पकड!

‘लॉकचा हूक व खाच यांमध्ये किमान ७ मिमी अंतर असावे.’

हे वाक्य एका लिफ्ट कंपनीच्या मराठी मार्गदर्शिकेत छापायला निघालं होतं, आणि अनुवादक म्हणून खाली नाव माझं! मी लिहिलं होतं, ‘हूक खाचेत किमान ७ मिमी आत गेल्याशिवाय लिफ्ट सुरू होताच कामा नये.’ एजन्सीतल्या भाषा तपासणाऱ्या साहेबांनी ते सुटसुटीत केलं. ‘आत जाण्या’चं ‘अंतर’ झालं, लिफ्ट सुरू न होण्याची अट गळाली आणि ‘कामा नये’चं ‘असावे’ झालं. वर समासात शेरा : ‘वाक्यरचना प्रवाही केली आहे.’ अहो, प्रवाही कसली, माणसं वाहून जातील यात!

मी लिफ्ट इरेक्शनमध्ये वर्षानुवर्षं काढली, मग गुडघ्यांनी शिड्या चढायला नकार दिला म्हणून अनुवादाकडे वळलो. साहेबांनी आयुष्यात कधी कार टॉपवर, म्हणजे लिफ्टच्या डब्याच्या छतावर, पाय ठेवलेला नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही, सगळ्यांनीच ठेवायची गरज नसते. पण मग जे कळत नाही त्याला हात कशाला लावता?

आता त्या ७ मिमीचं सांगतो. लिफ्टच्या प्रत्येक मजल्यावरच्या दाराला वर एक इंटरलॉक असतो. त्यात दोन कामं एकत्र बांधलेली असतात. एक, हूक खाचेत अडकून दार धरून ठेवतो. दोन, हूक पुरेसा अडकल्यावरच त्याच्यासोबतचा कॉन्टॅक्ट जुळतो आणि सेफ्टी सर्किट पूर्ण होतं. युरोपच्या ईएन ८१-२० या लिफ्टच्या मानकात ‘पुरेसा’ म्हणजे किमान ७ मिमी. आपलं आयएस १७९०० ही त्याच घराण्यातलं. म्हणजे क्रम असा : आधी दार लागलं, मग हूक ७ मिमी किंवा जास्त आत गेला, मग कॉन्टॅक्ट जुळला, मग लिफ्ट हलली. हा क्रम म्हणजेच इंटरलॉक. तो उलटा झाला तर उरतो नुसता एक कुचकामी स्विच.

समजा, हूक ३ मिमीच अडकलाय आणि कॉन्टॅक्ट आधीच जुळलाय. लिफ्ट मस्त चालते. सोसायटीत कुणाची तक्रार नाही. लिफ्ट पाचव्या मजल्यावर असते आणि दुसऱ्या मजल्यावर एक पोरगं दाराला टेकून उभं राहतं. एका धक्क्यात हूक सुटतो, दार सरकतं आणि पलीकडे मोकळा शाफ्ट. हे होतं कसं? दार ज्यावर टांगलेलं असतं त्या हँगरचे रोलर झिजतात, दाराचा पल्ला खाली उतरतो, हुकाची बसण बदलते. किंवा लिफ्ट सारखी अडकते म्हणून कुणी ‘हुशार’ माणूस कॉन्टॅक्टची पट्टी वाकवून तो लवकर जुळेल असं करतो. लिफ्ट अडकायची थांबते. सोसायटीचे सेक्रेटरी खूश!

ही भानगड पकडायची पद्धत मी मार्गदर्शिकेत सविस्तर उतरवली होती. लिफ्ट इन्स्पेक्शन मोडवर घ्या, कार टॉपवरून त्या मजल्याच्या लॉकपाशी या, दार लावा. मग हूक हाताने हळूहळू उचला आणि कॉन्टॅक्ट ज्या क्षणी तुटतो तिथेच थांबा. त्या जागी हूक अजून खाचेत किती आहे ते मोजा. ७ मिमी किंवा जास्त असेल तर ठीक, कमी असेल तर लॉक नापास. हे प्रत्येक मजल्यावर करायचं, एक तपासून बाकीच्यांवर टिक मारायची नाही. आता साहेबांचं वाक्य घेऊन एखादा नवखा फिटर तिथे उभा राहिला तर काय करेल? स्केल घेऊन ७ मिमीची फट शोधेल. सापडली नाही तर बिचारा ती तयार करेल! छापील पुस्तकावर विश्वास ठेवला, एवढाच त्याचा गुन्हा.

आणि ‘बंद’! या शब्दाने मला वेड लावायचं बाकी ठेवलंय. दार बंद. लिफ्ट बंद. कॉन्टॅक्ट बंद. मराठीत पहिल्याचा अर्थ दार लागलं, दुसऱ्याचा लिफ्ट चालत नाही, आणि तिसऱ्याचा? इंग्रजीतून उचललात तर वीज चालू, मराठीत वाचलात तर वीज गेली. साइटवर म्हणूनच सगळे ‘कॉन्टॅक्ट जुळला’, ‘कॉन्टॅक्ट तुटला’ म्हणतात, आणि मीही तेच लिहिलं होतं. साहेबांना ‘जुळला’ बोलीतलं वाटलं. त्यांनी सगळीकडे ‘संपर्क बंद’ आणि ‘संपर्क उघडा’ केलं. म्हणून आता पुस्तकात हे रत्न आहे : ‘दार उघडल्यास संपर्क उघडेल व लिफ्ट बंद होईल, दार बंद केल्यास संपर्क बंद होईल व लिफ्ट सुरू होईल.’ मोठ्याने वाचून बघा. वर ‘दार लागणं’ आणि ‘लॉक लागणं’ या दोन्हींनाही त्यांनी ‘दार बंद होणे’ करून टाकलं. सगळा इंटरलॉक या दोन गोष्टींमधल्या फरकावर उभा आहे, आणि तो फरकच साहेबांनी खोडरबराने पुसला!

‘असावे’ची कथा तर त्याहून संतापजनक. मानकांत सक्ती आणि शिफारस वेगळ्या शब्दांत येतात. मी सक्तीला ‘पाहिजेच’ आणि ‘कामा नये’ लावलं, शिफारशीला ‘बरे’. साहेब म्हणाले, भाषा उद्धट वाटते. मग सगळीकडे सौम्य, सभ्य, सरकारी ‘असावे’. लॉक असावे. लॉकला रंग दिलेला असावा. दोन्ही एकाच तागडीत. साइटवर काय होतं ते मी पाहिलंय. इन्स्पेक्टर बोट ठेवतो तेव्हा ठेकेदाराचा सुपरवायझर शांतपणे म्हणतो, ‘साहेब, असावे लिहिलंय ना, असलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय?’ महाराष्ट्रात १९३९ चा मुंबई लिफ्ट कायदा होता, नंतर २०१७ चा नवा आला. परवाना, तपासणी, सगळं कायद्याने बांधलेलं. आणि आम्ही पोरांच्या हातात देणार विनंतीपत्र!

आता गव्हर्नर. राज्यपालावरचा विनोद कृपया कुणी करू नका, एजन्सीच्या ग्रुपवर तो करून झालाय आणि सगळे हसूनही झालेत. खरी गडबड पुढे आहे. साहेबांनी कोशातून ‘वेगनियंत्रक’ काढला आणि खाली स्वतःचं वाक्य जोडलं : ‘हा भाग लिफ्टचा वेग नियंत्रित करतो.’ साफ खोटं! इंजिनातला गव्हर्नर ते करतो, लिफ्टमधला नाही. लिफ्टचा वेग मोटरचा ड्राइव्ह सांभाळतो. लिफ्टचा गव्हर्नर नुसता नजर ठेवून असतो. वेग मर्यादेबाहेर गेला की तो आपला दोर पकडतो. कार खालीच चाललेली असते, त्यामुळे थांबलेला दोर कारवरचा लिव्हर ओढतो आणि सेफ्टी नावाच्या ब्रेकच्या पाचरा गाइड रेलना आवळतात. कार थांबवते ती सेफ्टी.

शब्दाच्या चुकीने काय बिघडतं तेही ऐका. दीड मीटर प्रति सेकंद वेगाची लिफ्ट घ्या. तिचा गव्हर्नर त्या वेगाच्या ११५ टक्क्यांखाली, म्हणजे साधारण १.७३ च्या खाली ट्रिप होता कामा नये, आणि २.०४ पर्यंत पोचायच्या आत झालाच पाहिजे. एवढी अरुंद खिडकी. ती स्प्रिंग लावून, तपासून, सील करून कारखान्यातून येते. ‘वेग नियंत्रित करतो’ असं वाचलेला माणूस लिफ्ट जोरात धावते म्हणून काय करेल? सील तोडून गव्हर्नरची स्प्रिंग पिळेल. लिफ्टचा वेग तसूभर कमी होणार नाही. एकतर सेफ्टी उगाच बसेल आणि माणसं मधेच अडकतील, नाहीतर जेव्हा बसायला हवी तेव्हा बसणारच नाही. मी ‘गव्हर्नर’ हाच शब्द ठेवा म्हणालो, कारण मशीन रूममध्ये त्याला दुसऱ्या नावाने कुणी ओळखत नाही. उत्तर आलं, ‘मराठीचा आग्रह धरायला हवा.’ मलाच! मराठीचा आग्रह!

बफरबद्दल थोडक्यात, नाहीतर रक्तदाबाची गोळी घ्यावी लागेल. पिटातल्या, म्हणजे शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यातल्या, बफरला साहेबांनी विशेषण लावलंय : ‘लिफ्ट कोसळल्यास प्रवाशांचे प्राण वाचवणारा’. पुन्हा खोटं. बफरचा हिशोब त्याच ११५ टक्के वेगावर असतो. दीड मीटर वेगाच्या लिफ्टला ऑइल बफरचा स्ट्रोक, म्हणजे दांडा दबण्याचं अंतर, किमान १५२ मिमी लागतो, तो त्या १.७३ च्या वेगासाठी. दोर तुटून कार १२ मीटरवरून मोकळी पडली तर खाली येईतो वेग सेकंदाला १५ मीटरच्या घरात जातो. तिथे वीतभर दांडा काय करणार? पडणारी कार अडवणं सेफ्टीचं काम. बफर आहे तो शेवटच्या मजल्याच्या खाली घसरलेली कार झेलायला. हे कळलं नाही की माणूस म्हणतो, ‘खाली बफर आहे ना, सेफ्टीची टेस्ट पुढच्या वेळी करू.’

आणि जे खरंच कामाचं होतं ते साहेबांनी ‘पुनरुक्ती’ म्हणून उडवलं : ऑइल बफर दाबून सोडल्यावर दांडा पूर्ण वर येतो का बघा, आणि तो वर येईपर्यंत बफरच्या स्विचने लिफ्ट अडवलीच पाहिजे. पावसाळ्यात पिटात पाणी साचतं, दांड्यावर गंज चढतो, तो खाली दबलेलाच राहतो. दबलेला बफर म्हणजे बफर नसल्यात जमा, आणि त्याची खबर देणारा तो एकच स्विच. ही पुनरुक्ती? दुसरीकडे कुठे आलंय हे, दाखवा!

मी सगळं लिहून पाठवलं, प्रत्येक बदलापुढे कारणासकट. एजन्सीतल्या बाईंचा फोन आला. ‘सर, तुमचे मुद्दे टेक्निकल आहेत, आम्ही फक्त भाषा बघतो.’ मग फक्त भाषा बघा ना! ऱ्हस्वदीर्घ बघा, स्वल्पविराम बघा, माझे अनुस्वार चुकले असतील तर कान पकडा. पुढे म्हणाल्या, ‘क्लायंटला डेडलाइन आहे, हे पुढच्या आवृत्तीत घेऊ.’

पुढच्या आवृत्तीत! मी क्लायंटच्या इंजिनिअरचा नंबर मिळवून त्यांना थेट तो ७ मिमीचा परिच्छेद वाचून दाखवला. ते क्षणभर गप्प झाले, मग जी शिवी आली ती अस्सल मराठी होती आणि तिथे कुणी ‘असावे’ घातलेलं नव्हतं. छपाई सध्या थांबलीय. एजन्सीने ‘प्रक्रियेचा भंग’ म्हणून माझं बिल अडवलंय. अडवा खुशाल. इंटरलॉकच्या प्रकरणात माझी वाक्यं जशीच्या तशी गेली तर नाव ठेवा, नाहीतर त्या पानावर साहेबांचं नाव छापा, मोठ्या टायपात.