कोणते नाना?

निफाड तालुक्यातील आमच्या गावात ग्रामसभेचे चित्रीकरण मोबाईलवर होऊ लागले, आणि निवृत्त शिक्षकाचे अक्षर चांगले असते या गावभर पसरलेल्या गैरसमजामुळे त्यावरून इतिवृत्ताचा कच्चा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले. "गुरुजी, सगळं व्हिडिओत आहेच, तुम्ही फक्त उतरवून द्या," असे आमचे ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले. व्हिडिओत खरोखरच सगळे होते. शेजारून गेलेला कांद्याचा ट्रॅक्टर होता, मंदिरावरचा भोंगा होता, चहाचे कप मोजणाऱ्या शिपायाचा स्पष्ट आवाज होता. ठराव कोणी मांडला, एवढे मात्र त्यात नव्हते.

सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांवाचून ठराव लिहिता येत नाही, आणि आमच्या गावात नावे कोणी घेतच नाही. "नाना बोलले ते बरोबर आहे," असे अप्पा म्हणतात, आणि त्या सभेला चार नाना हजर असतात. शेवटी कोण कोठे बसले होते याचा नकाशा काढून मी तो हजेरी पुस्तकाशी ताडून पाहिला, तेव्हा अनुमोदन देणारे नाना खांबाआडचे निघाले. त्यांचा चेहरा संपूर्ण चित्रीकरणात कोठेही दिसत नाही, फक्त टोपी दिसते; ती भाऊसाहेबांनी ओळखली.

दुसरी अडचण अधिक नाजूक होती. सभेच्या अध्यक्षस्थानी सरपंचताई असतात आणि बोलतात बहुधा त्यांचे यजमान. "चला, मंजूर!" ही पहिली आरोळी त्यांचीच असते. गावचे मतदार म्हणून ते ग्रामसभेचे सदस्य आहेतच, त्यामुळे त्यांचे म्हणणे ग्रामस्थाचे म्हणणे म्हणून मी नोंदवतो. पण निर्णय मात्र ताई बोलतील तेथेच धरतो. या एका नियमामुळे निर्णयाची वेळ दर वेळी थोडी पुढे सरकते, आणि यजमान मसुदा वाचताना किंचित खोकतात.

खरी कसोटी विषय क्रमांक चारला लागली. मारुती मंदिरापासून बाजारतळापर्यंत काँक्रीट रस्ता करावा, असा मूळ ठराव होता. त्यावर, आधी गटार करावे आणि मग रस्ता, अशी उपसूचना आली. त्यानंतरच्या भाषणांत गेल्या पावसाळ्यात कोणाच्या ओट्यापर्यंत पाणी आले याचा जो इतिहास सांगितला गेला, तो मी दीडपट वेगाने ऐकला आणि दोन ओळींत आटोपला; शेवटी मंजूर होतो तो ठराव, ओटा नव्हे. मतदानाला मात्र वेग कमी करून एकेक क्षण पाहावा लागला. उपसूचनेवर मत आधी घेतात, आणि नेमके ते सुरू होताच मोबाईल धरणाऱ्या मुलाच्या हातात कोणीतरी चहा दिला. पुढचा काही काळ पडद्यावर छताचा पंखा आहे.

पंखा फिरत असताना शिपाई बाजूने वर झालेले हात मोजतो आणि "अडतीस" म्हणतो. "अरे, त्यांनी दोन्ही हात वर केलेत!" असा आवाज येतो. फेरमोजणीत 37 होतात, विरोधात 31 निघतात, आणि ताई "उपसूचना मंजूर" असे जाहीर करतात. चित्र पूर्ववत झाले तेव्हा काही हात अजून वरच होते. ते मी मोजले, तर 22 भरले. ते बाजूचे, विरोधातले की चहा मागणारे, हे ठरवायला काही मार्ग नव्हता. म्हणून अध्यक्षांनी जाहीर केलेले आकडे मी जसेच्या तसे घेतले, आणि समासात पेन्सिलीने वेळ टाकून "चित्रात दिसत नाही" एवढेच भाऊसाहेबांसाठी लिहिले.

हजेरी पुस्तकात सह्या 104. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतील जी संख्या कमी असेल ती लागते, तेव्हा ती बाब निर्वेध होती. मते पडली 68. उरलेल्या 36 जणांपुढे "तटस्थ" लिहावे, असा भाऊसाहेबांचा आग्रह होता. बेरीज जुळली की त्यांना झोप लागते. पण तटस्थ कोण, असे सभेत कोणी विचारलेच नव्हते, आणि त्यांतले बरेच जण त्या वेळी बाहेर भजी खात होते, हे त्याच व्हिडिओच्या कोपऱ्यात दिसत होते. भजी खाणे ही भूमिका म्हणून नोंदवता येत नाही. मी तो रकाना काढून टाकला.

पुढच्या सभेत पहिला विषय म्हणून हे इतिवृत्त वाचून कायम करायचे होते. विषय चारचे वाचन होताच खांबाआडून टोपी उठली आणि म्हणाली, "अनुमोदन मी नव्हतं दिलं, ते नानांनी दिलं होतं."

"कोणत्या?" भाऊसाहेबांनी विचारले.


उरलेल्या तिन्ही नानांनी एकमेकांकडे बोट दाखवले.